रिपोर्ट सुधारला, पण जेवण सुटलं: जुनाट किडनी विकारातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी एका रुग्णालयाच्या किडनी विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण एका ६३ वर्षांच्या बाईंचं आहे. घरात सगळे त्यांना आक्का म्हणतात, म्हणून इथेही आक्काच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आक्कांना १६ वर्षांपासून मधुमेह आणि ११ वर्षांपासून रक्तदाब. चार वर्षांपूर्वी किडनी कमजोर झाल्याचं कळलं. त्याआधी जवळपास पंचवीस वर्षं त्यांनी घरगुती खाणावळ चालवली होती. चाळीस माणसांच्या आमटीचं मीठ त्या चाखून नव्हे, नुसत्या वासावरून ओळखायच्या. ही माहिती सुरुवातीलाच सांगते, कारण आजार वाढत असल्याची पहिली खूण त्यांच्या स्वयंपाकातच दिसली होती. साधारण वर्षभरापूर्वी आमटी खारट होऊ लागली. सून हळूच पाणी वाढवायची. आक्कांना मात्र ती अळणीच लागायची. किडनीच्या जुन्या आजारात मिठाची चव कळायला नेहमीपेक्षा जास्त मीठ लागतं. घरच्यांनी ते वयावर घातलं.

आक्का माझ्याकडे आल्या त्या मुलाच्या आग्रहाने. मुलाचा प्रश्न सरळ होता: "रिपोर्ट तर सुधारलेत. मग आई जेवत का नाही?"

तक्रार नेमकी काय होती

"भूक लागत नाही" या तीन शब्दांत वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. त्या सोडवून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून मी आक्कांना घाई न करता विचारलं.

पहिली तक्रार तोंडाची. "ताई, तोंडात सारखं लोखंड धरल्यासारखं वाटतं. जुनं नाणं चघळावं तसं. पाणी प्यायलं तरी जात नाही." सकाळी उठल्यावर हे सगळ्यात जास्त. सुनेने बाजूला येऊन सांगितलं की सकाळी त्यांच्या तोंडाला उग्र वास येतो, न्हाणीघरात येतो तसा.

दुसरी मळमळ. पहाटे उमासे यायचे, उलटी क्वचितच व्हायची. फोडणीचा वास आला की त्या मागच्या अंगणात जाऊन बसायच्या.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मटण आणि मासे त्यांनी आठ महिन्यांपूर्वी सोडले, अंडं सहा महिन्यांपूर्वी, आणि आता वरणसुद्धा नको झालं होतं. भात, साखर घातलेला चहा आणि बिस्किटं एवढंच राहिलं होतं. कुणी हे पदार्थ बंद केले नव्हते, अन्नावरची वासनाच उडाली होती. किडनीचं काम जसं घटतं तसं माणूस सांगितलं नसतानाही प्रथिनं कमी खायला लागतो, आणि बहुतेक वेळा मांसाहार आधी सुटतो.

त्यात भर म्हणून घरात फ्रिजवर एक यादी चिकटवलेली होती. दोन वर्षांपूर्वी कुठूनतरी मिळालेली: डाळ बंद, दूध बंद, फळं बंद, भाज्या दोनदा उकळून पाणी फेकायचं, मीठ नाही. त्या वेळी पोटॅशियम वाढलं होतं, तेव्हा त्यातल्या काही गोष्टी बरोबर होत्या. पोटॅशियम खाली आलं, पण यादी फ्रिजवरच राहिली.

रिपोर्ट आणि वजनकाटा

मुलाने आणलेल्या फाइलमध्ये अकरा महिन्यांतले रिपोर्ट होते. युरिया ११८ वरून ९२ वर आला होता, क्रिएटिनिन ३.४ वरून ३.२ वर. त्यावरून काढलेली किडनीची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, १५ वरून १६ झाली होती. पोटॅशियम ४.४, उत्तम. कागदावर आजार थांबलेला दिसत होता.

वजन मात्र फाइलमध्ये कुठेच नव्हतं. काट्यावर उभं केलं तर ४९.५ किलो. सुनेला आठवत होतं की गेल्या वर्षी एका लग्नाच्या आधी दवाखान्यात ५८ भरलं होतं. साडेआठ किलो गेले होते. दंड पातळ झाले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

इथे या प्रकरणाची गाठ होती. युरिया हा खाल्लेल्या प्रथिनांतून तयार होतो. माणूस खायचं थांबला की युरिया आपोआप उतरतो. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. स्नायू झिजले की तेही कमी तयार होतं. किडनी बिघडत असतानाही दोन्ही आकडे वाढले नाहीत, कारण आक्कांचं अन्न आणि मांस दोन्ही घटत होतं.

खात्री करायला आम्ही चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितली. ही जुनी आणि कंटाळवाणी तपासणी आहे, पण अशा वेळी तिच्याइतकं स्पष्ट उत्तर स्वस्तात मिळत नाही. युरिया आणि क्रिएटिनिन दोन्हींच्या निचऱ्याची सरासरी काढून शरीराच्या आकाराशी जुळवली, तेव्हा खरी क्षमता ९ च्या आसपास आली. त्याच लघवीतल्या युरियावरून रोजच्या प्रथिनांचा अंदाजही निघतो: साधारण २६ ग्रॅम, म्हणजे किलोमागे अर्धा ग्रॅम. तीन दिवसांच्या खाण्याची नोंद काढली तर उष्मांक ८५० च्या आसपास. त्यांना निदान १५०० हवे होते.

आणखी दोन आकडे महत्त्वाचे होते. रक्तातलं बायकार्बोनेट १६, म्हणजे शरीरात आम्ल साठलेलं. हिमोग्लोबिन ८.९.

तोंडात काय घडत होतं

रक्तात युरिया वाढला की लाळेतही वाढतो. तोंडात कायम राहणारे काही जीवाणू युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतात. न्हाणीघरासारखा वास तोच. लाळ त्यामुळे क्षारीय होते, आणि जिभेला सतत कडवट, धातूसारखी चव जाणवते. रात्री लाळ कमी सुटते आणि तोंड हलत नाही, म्हणून सकाळी त्रास जास्त. पाणी मोजून पिणाऱ्यांचं तोंड आधीच कोरडं असतं, त्यांना हे अधिक जाणवतं. लाळेत विरघळल्याशिवाय अन्नाची चव कळतच नाही, त्यामुळे कोरड्या तोंडात चांगली आमटीही पुठ्ठ्यासारखी लागते.

पण तोंड ही निम्मीच गोष्ट. भूक आटोक्यात ठेवणारी काही संप्रेरकं, उदाहरणार्थ लेप्टिन, किडनीतून बाहेर पडतात. ती साठली की मेंदूला पोट भरल्याचा निरोप मिळत राहतो. साठलेलं आम्ल स्नायू मोडायला लावतं आणि खाण्याची इच्छाही मारतं. शिवाय आक्कांना सोळा वर्षांचा मधुमेह होता. त्यात पोटाच्या नसा मंदावतात आणि दुपारचं जेवण रात्रीपर्यंत पोटात बसून राहतं. "दोन घास खाल्ले की गळ्यापर्यंत भरल्यासारखं होतं" असं आक्का म्हणाल्या, ते याचंच.

मग मी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. हे मी नेहमी करते, कारण चिठ्ठीवर असतं एक आणि पिशवीत दुसरं. पिशवीत मधुमेहाची एक गोळी निघाली जिच्यात दोन औषधं एकत्र होती: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिनमुळे तोंडात धातूची चव आणि मळमळ होऊ शकते हे सर्वांना माहीत आहे, आणि ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर ते द्यायचं नसतं. घरच्यांना गोळीचं व्यापारी नाव माहीत होतं, तिच्यात मेटफॉर्मिन आहे हे नाही. गावातून दर महिन्याला तीच पट्टी आणली जात होती. शेजारी लोहाची गोळी होती, सकाळी रिकाम्या पोटी घेतलेली. तिनेही तोंडाला लोखंडाची चव येते आणि पोट ढवळतं.

म्हणजे धातूच्या चवीला तीन कारणं होती. त्यांपैकी दोन आमच्या हातात होती.

समोर आलेले पर्याय

आमच्या किडनीतज्ज्ञ डॉक्टरांबरोबर बसून विचार केला तेव्हा तीन वाटा दिसत होत्या.

एक, मळमळीची गोळी आणि भूक वाढवणारं औषध. घरच्यांची हीच अपेक्षा होती. पण मेटोक्लोप्रमाइडसारखं औषध अशा किडनीत साठतं, त्याची मात्रा निम्मी करावी लागते, आणि तरी हातपाय आखडणं, अस्वस्थपणा होऊ शकतो. ऑन्डानसेट्रॉनने बद्धकोष्ठता होते, आणि बद्धकोष्ठतेने भूक आणखी मरते. कारण तसंच ठेवून वर गोळी दिली असती तर मळमळ थोडी दबली असती आणि वजन उतरतच राहिलं असतं.

दोन, लगेच डायलिसिस. क्षमता ९, भूक गेलेली, वजन पंधरा टक्क्यांनी घटलेलं. सुरू करायला कारण होतं. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या आयडियल या अभ्यासात ईजीएफआर १० ते १४ असतानाच डायलिसिस सुरू केलेल्या आणि लक्षणं येईपर्यंत किंवा ५ ते ७ पर्यंत थांबलेल्या लोकांच्या आयुष्यमानात फरक दिसला नव्हता. म्हणजे नुसत्या आकड्यावर घाई करायची नाही. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मला जास्त बोलकी वाटते: थांबायचं ठरलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना लक्षणांमुळे ठरलेल्या आकड्यापर्यंत थांबता आलंच नाही. मग प्रश्न असा उरला की आक्कांची लक्षणं किडनीची किती आणि गोळ्यांची किती?

तीन, आधी हातातली कारणं काढायची, आम्ल उतरवायचं, जेवणावरची बंधनं सैल करायची, आणि तीन आठवड्यांनी वजन व मळमळ पाहून ठरवायचं. त्याच वेळी हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांची जोडणी, करायला पाठवायचं, कारण तो वापरायला तयार होण्यात दीड-दोन महिने जातात.

आम्ही तिसरी वाट धरली. त्याआधी एक ईसीजी काढला. मधुमेही बाईला छातीत न दुखता नुसत्या मळमळीने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, आणि ते किडनीवर ढकललं जाऊ शकतं. तोंडात पांढरी बुरशी आहे का, हिरड्या सुजल्या आहेत का, तेही पाहिलं. दोन्ही ठीक होतं.

जस्ताचा विषयही निघाला. चवीच्या पेशींना जस्त लागतं आणि किडनीच्या आजारात ते कमी पडू शकतं. पण गोळ्यांनी चव परत येते याचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि जास्त जस्ताने तांबं घटून रक्त आणखी कमी होऊ शकतं. एकाच वेळी सगळं बदललं तर कशाने फरक पडला हे कळत नाही. जस्त आम्ही बाजूला ठेवलं.

काय केलं

मधुमेहाची ती गोळी त्याच दिवशी बंद केली. तिच्यातल्या ग्लिमेपिराइडचाही धोका होता, कारण कमी खाणाऱ्या माणसाची साखर त्याने पहाटे खाली जाते. त्याऐवजी लिनाग्लिप्टिन दिलं, ज्याची मात्रा किडनीसाठी बदलावी लागत नाही. लोहाची गोळी थांबवून लोह शिरेतून दिलं. आम्ल उतरवण्यासाठी सोडाबायकार्बच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा, जेवणानंतर. त्याने ढेकर येतात आणि सोडियम वाढतं, म्हणून पायाची सूज आणि रक्तदाब घरी बघायला सांगितलं.

मग जेवण. फ्रिजवरची यादी मी सुनेच्या हातून उतरवून घेतली. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे मीच उपाशी ठेवलं का यांना?" नाही. तिने सांगितलं तेवढं निष्ठेने केलं होतं. यादी कधी संपते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पोटॅशियम ठीक असल्यामुळे भाज्या दोनदा उकळणं बंद केलं. दूधी, दोडका, कोबी, घोसाळं साध्या पद्धतीने करायला सांगितलं. मिठाच्या जागी लिंबू, कोथिंबीर, जिरं, लसूण, आलं. कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठ घ्यायचं नाही असं ठळक सांगितलं, कारण त्यात पोटॅशियम असतं. सैंधवही मीठच आहे, हेही.

तीन वेळांऐवजी सहा वेळा, मूठ-मूठ. पहाटे उठायच्या आधी अंथरुणातच साळीच्या लाह्या, तुपावर जिरं घालून परतलेल्या. उमाशांच्या वेळी कोरडं, हलकं अन्न पोटात टिकतं. भातावर दोन चमचे तूप, पोळीलाही तूप. घास तेवढाच, उष्मांक जास्त. जेवण गरमागरम नको, कोमट. गरम अन्नाचा वास जास्त उठतो. फोडणी दार लावून आधीच करून ठेवायची आणि आक्कांना अर्ध्या तासाने वाढायचं. स्टीलच्या ताटाऐवजी चिनी मातीची बशी आणि लाकडी चमचा. तोंडात आधीच धातूची चव असताना धातूचा चमचा ती वाढवतो.

जेवणाआधी ब्रशने जीभ साफ करायची आणि अर्धा पेला पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून चूळ भरायची, गिळायची नाही. लिंबाचं आम्ल लाळेतला अमोनिया तेवढ्यापुरता दबवतं. परिणाम वीस-पंचवीस मिनिटांचा असतो, पण जेवणाला तेवढी पुरतात.

प्रथिनांचा प्रश्न अवघड होता. डायलिसिस नसलेल्या मधुमेही माणसाला किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम असं धरतात, म्हणजे आक्कांना ३० ते ४०. वरणाचा वास नको होता. अंड्याचं पांढरं चालतंय का पाहिलं. लिंबू-कोथिंबीर घालून, थंड करून, पोळीत गुंडाळून दिलं तेव्हा ते घशाखाली उतरलं. पिवळं काढून टाकलं की वास कमी होतो, फॉस्फरसही कमी होतो.

पुढे काय झालं

दहाव्या दिवशी आक्कांचा फोन आला. "लोखंड निम्मं गेलं, ताई." गोळ्यांमुळे होतं तेवढं गेलं होतं. तीन आठवड्यांनी बायकार्बोनेट २१ झालं, खाणं १२०० उष्मांकांच्या आसपास पोचलं, वजन ४९.५ वर थांबलं. वरणाची दोन वाट्या पातळ आमटी पुन्हा सुरू झाली. मुलगा खूश होता.

मी नव्हते. सकाळचे उमासे तसेच होते, तोंडाचा वास तसाच होता. गोळ्यांची कारणं काढल्यावर जे उरलं ते किडनीचं होतं. त्या दिवशी आम्ही "अजून तीन आठवडे पाहू" असं ठरवलं. फिस्टुलाची शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात झाली होती.

सातव्या आठवड्यात आक्कांना उचकी लागली ती थांबेना, उलट्या सुरू झाल्या, आणि दिवसाही झापड येऊ लागली. युरिया १६४. या वेळी तो वाढलेला होता, कारण त्या थोडं खाऊ लागल्या होत्या आणि किडनीला तेवढंही पेलत नव्हतं. डायलिसिस सुरू करावं लागलं. फिस्टुला कोवळा होता, म्हणून मानेत नळी घालावी लागली. पहिली दोन सत्रं दोन-दोन तासांचीच ठेवली, कारण साठलेला युरिया एकदम उतरवला तर मेंदूला सूज येऊ शकते.

डायलिसिसच्या तिसऱ्या आठवड्यात तोंडाचा वास गेला. उमासे गेले. एका सत्रानंतर आक्कांनी भाकरी आणि लसणाची चटणी मागितली. सुनेने मला विचारायला फोन केला, चटणीत शेंगदाणे किती घालू म्हणून. चमचाभर, असं सांगितलं.

डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांचा नियम उलटतो. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, कारण प्रत्येक सत्रात काही अमिनो आम्लं निघून जातात. हे घरच्यांच्या गळी उतरवायला दोन भेटी लागल्या. चार महिन्यांनी वजन ५२.४ झालं. त्याच महिन्यात मुलगा धावत आला: सत्राआधीचं क्रिएटिनिन ४.६ वरून ५.३ झालं होतं. त्याला काट्यासमोर नेलं आणि आक्कांचा दंड दाखवला. स्नायू भरत होते.

सगळं परत आलेलं नाही. मटण अजून कडू लागतं. मिठाचा अंदाज अजून चुकतो, त्यामुळे आमटीचं मीठ आता सून घालते.

वेगळं काय करता आलं असतं

तीन आठवड्यांच्या भेटीत आम्ही चुकलो, असं मला वाटतं. औषधं काढून, आम्ल उतरवूनही पहाटेची मळमळ टिकली होती. तिथेच डायलिसिसची तारीख ठरवायला हवी होती. खाणं वाढलं या आनंदात आम्ही उरलेल्या लक्षणाकडे कमी पाहिलं. चार आठवड्यांनी उचकी लागल्यावर जे घाईत केलं, ते शांतपणे करता आलं असतं. मानेतली नळी मात्र तेव्हाही टळली नसती. फिस्टुला वर्षभर आधी, क्षमता १५ दाखवत होती तेव्हाच व्हायला हवा होता. "स्थिर आहे" या शब्दाने ते वर्ष गेलं.

त्या वर्षभरात कुणीही आक्कांना काट्यावर उभं केलं नाही. मधुमेहाच्या गोळीतलं दुसरं औषध कुणी वाचलं नाही. मटण सुटल्याचं कुणी विचारलं नाही, आणि आक्कांनी ते आपणहून सांगितलं नाही, कारण किडनीच्या आजारात मटण सुटलं तर बरंच झालं असं त्यांना वाटत होतं.

आमच्या विभागात आता भेटीच्या कागदावर पहिल्या ओळीत वजन लिहिलं जातं, क्रिएटिनिन त्याखाली. वजन उतरून क्रिएटिनिनही उतरलं असेल तर त्या दोन आकड्यांना लाल कंस करतो आणि चोवीस तासांची लघवी मागवतो. घरच्यांना वेगळं विचारतो, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या, आक्कांच्या सुनेसारख्या कुणालातरी: आमटीत मीठ कोण घालतं, आणि ते कधीपासून चुकायला लागलं?